पोटात तीन गेल्याशी मतलब?

नमस्कार डॉक्टर,
आईच्या दाढेला गळू झालंय. डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन ५०० ची कॅप्सूल दिवसातून तीनदा, पाच दिवस घ्यायला सांगितलीय. आई पोळीभाजी केंद्रात कामाला जाते, त्यामुळे दुपारची हमखास राहते. म्हणून तिने सकाळी दोन एकदम आणि रात्री एक असं सुरू केलंय. म्हणते, "पोटात तीन गेल्याशी मतलब." गेल्या महिन्यात बाबांना लघवीच्या इन्फेक्शनसाठी अ‍ॅडमिट केलं होतं. त्यांना अमिकासिनचं इंजेक्शन दिवसातून एकदाच, अर्ध्या तासात द्यायचे. तेव्हा नर्सताईंना विचारलं तर म्हणाल्या, हे एकदाच द्यायचं असतं. मग एकाला एकदा चालतं आणि दुसऱ्याला तीनदा कशाला?
— एक वाचक, धायरी

आधी कामाचं सांगते. उद्या सकाळपासून आईंचं दोन एकदम घेणं थांबवा. घाबरण्यासारखं काही नाही, एक ग्रॅम अमॉक्सिसिलिन एका वेळी पोटात गेल्याने बहुतेकांना काही होत नाही, फार तर जुलाब लागतील. थांबवायचं ते अशासाठी, की त्या दुसऱ्या कॅप्सूलने त्यांच्या पदरात जेमतेम एक तास पडतो, आणि तिच्यापायी दुपार ते रात्र असे सलग आठ तास जंतूंना मोकळं रान मिळतं. एक तास कुठून आला ते आकडे मांडूनच बघू, कारण ते एकदा बघितलं की बाबांच्या इंजेक्शनचं कोडंही अर्धं सुटतं.

तुमच्या पत्रातला "मतलब" हा शब्द मला आवडला. कारण प्रश्न खरंच तोच आहे: जंतूला कशाशी मतलब? दिवसभरात एकूण किती औषध आलं याच्याशी, एका क्षणी ते किती उंच चढलं याच्याशी, की किती वेळ टिकून राहिलं याच्याशी? सगळ्या प्रतिजैविकांना याचं एकच उत्तर लागू पडत नाही.

यासाठी एक शब्द लागेल, एमआयसी. बाबांच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टवर तो तुम्ही पाहिला असेल. प्रयोगशाळेत नळ्यांची रांग लावतात. पहिल्या नळीत औषध अगदी कमी आणि पुढच्या प्रत्येक नळीत आधीच्या दुप्पट: पाव, अर्धा, एक, दोन, चार असे मिलिग्रॅम दर लिटरला. प्रत्येकीत सारखेच जंतू टाकायचे आणि रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी काही नळ्या गढूळ दिसतात, म्हणजे तिथे जंतू वाढले. ज्या नळीपासून पाणी स्वच्छ दिसायला लागतं, तिच्यातलं प्रमाण म्हणजे त्या जंतूची त्या औषधासाठीची एमआयसी. त्याच्याखाली औषध असूनही नसल्यासारखं. हल्ली हे काम बहुतेक ठिकाणी मशीन करतं, पण आतला विचार हाच.

आता आईंची कॅप्सूल. पाचशे मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली की साधारण दीड तासात रक्तातलं औषध शिखराला पोचतं, लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅमपर्यंत. त्यातलं पंचमांश रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं आणि जंतूंच्या काही उपयोगाचं नसतं. मोकळं उरतं ते सुमारे सहा. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर दर तासाला यातलं अर्धं लघवीवाटे बाहेर जातं. याला औषधाचं अर्धायुष्य म्हणतात, आणि अमॉक्सिसिलिनचं ते तासाभराचंच आहे.

समजा तोंडातल्या त्या जंतूची एमआयसी अर्धा आहे. सकाळी आठला कॅप्सूल घेतली. सव्वाआठ-साडेआठच्या मध्ये पातळी अर्ध्याच्या वर गेली, साडेनऊला सहा झाली. साडेदहाला तीन, साडेअकराला दीड, साडेबाराला पाऊण, आणि एक वाजून पाच मिनिटांच्या सुमारास अर्ध्याच्या खाली. म्हणजे एका कॅप्सूलने पावणेपाच तास काम केलं.

आता दोन एकदम घेऊन बघू. साडेनऊला सहाऐवजी बारा. साडेदहाला सहा. झालं! जिथे एका कॅप्सूलने साडेनऊला आणलं असतं, तिथे आपण साडेदहाला आलो. पुढचा उतार अगदी तोच, फक्त एक तास उशिरा. डोस दुप्पट केला की एक अर्धायुष्य वाढतं, त्याहून जास्त नाही. चार कॅप्सूल घेतल्या तर दोन तास वाढतील, आठ घेतल्या तर तीन. पैसा टाकत राहावं आणि व्याज आठ आणेच यावं, तसा हा व्यवहार आहे.

आईंचा दिवस असा होतो: सकाळी आठ वीस ते दुपारी दोन वाजून पाच मिनिटं औषध एमआयसीच्या वर. मग रात्री दहाची कॅप्सूल चढेपर्यंत सव्वाआठ तास काहीच नाही. रात्री दहा वीस ते पहाटे तीन पुन्हा वर आणि मग सकाळपर्यंत सव्वापाच तास रिकामे. चोवीस तासांत एकूण साडेदहा तास. याच तीन कॅप्सूल सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला घेतल्या तर सव्वाचौदा तास, आणि कुठलीही रिकामी जागा सव्वातीन तासांपेक्षा मोठी नाही. पोटात दोन्ही वेळा तीनच गेल्या.

पण उंचीचा काहीच फायदा नाही का? सहाऐवजी बारा असताना जंतू दुप्पट वेगाने मरत नाहीत का? नाही, आणि पेनिसिलिनच्या कुळाची खरी गंमत इथे आहे. जंतूभोवती एक भिंत असते. जंतू वाढताना ती सतत उसवावी आणि नव्याने विणावी लागते. विणकाम करणारी काही एन्झाइम्स असतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन ही सगळी भावंडं त्या एन्झाइमला जाऊन चिकटतात आणि त्याला कायमचं निकामी करतात. विणकाम थांबतं, उसवणं चालू राहतं, आणि जंतू फुटतो. म्हणजे औषध थेट मारत नाही. जंतू आपल्याच वाढीच्या नादात मरतो. औषध एमआयसीच्या चारेक पट झालं की बहुतेक सगळी एन्झाइम्स अडकलेली असतात. त्यावर आणखी औषध ओतलं तर ते चिकटणार कशाला? मरण्याचा वेग जंतूच्या वाढण्याच्या वेगावर अडून बसतो. आणि औषध ओसरलं की जे वाचले ते नवी एन्झाइम्स बनवून कामाला लागतात. काही जंतू, विशेषतः घशा-तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस, थोडा वेळ सुस्त राहतात, पण फार नाही.

म्हणून या कुळात वॉचमनसारखा हिशेब असतो. सोसायटीने सकाळच्या पाळीला दोन वॉचमन ठेवले म्हणून रात्रीचं गेट राखलं जात नाही.

हॅरी ईगल या अमेरिकन संशोधकाने १९५० च्या सुमारास उंदीर आणि सशांवर हेच दाखवलं होतं: पेनिसिलिनचा गुण ते एकूण किती वेळ परिणामकारक पातळीच्या वर राहिलं यावर ठरतो. ते पूर्ण वेळ वर राहायला हवं असं नाही. पेनिसिलिनच्या गटात दिवसाचा निम्मा वेळ मोकळं औषध एमआयसीच्या वर राहिलं तर साधारण धट्ट्याकट्ट्या माणसाचं भागतं, कारण उरलेलं काम त्याच्या पांढऱ्या पेशी करतात. सेफॅलोस्पोरिनना थोडा जास्त वेळ लागतो. आईंचे सव्वाचौदा तास म्हणजे साठ टक्क्यांच्या जवळ, निम्म्याच्या आरामात वर. साडेदहा तास म्हणजे चव्वेचाळीस टक्के, निम्म्याच्या खाली. आणि हे मी जंतू सोपा धरून सांगतेय. एमआयसी अर्ध्याऐवजी एक निघाली तर नीट घेतलेल्या तीन कॅप्सूलही पंचेचाळीस टक्क्यांवर येतात आणि आईंची पद्धत चौतीसवर. दाढेच्या गळूचं कल्चर सहसा कोणी करत नाही, तेव्हा जंतू कुठला निघाला हे आपल्याला कळणारच नाही. ते कळत नाही म्हणूनच हातात थोडी शिल्लक ठेवायची.

या कुळाची आणखी एक करामत सांगते, कारण ती ऐकली की उंचीचा मोह कायमचा जातो. लहानपणी घसा सुजून संधिवाताचा ताप आलेली आणि हृदयाच्या झडपांना धक्का लागलेली मुलं पुण्यात अजूनही बघायला मिळतात. त्यांना दर तीन आठवड्यांनी कमरेत बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, वर्षानुवर्षं. हे पेनिसिलिन स्नायूत दगडासारखं बसतं आणि थेंब थेंब सुटतं. रक्तात त्याची पातळी लिटरला मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे आईंच्या एका कॅप्सूलच्या शिखराच्या तीनशेव्या भागाइतकी. पण घशातल्या त्या स्ट्रेप्टोकॉकसची एमआयसी त्याहूनही खाली असते, आणि पेनिसिलिन आठवडेच्या आठवडे तिच्या वर रेंगाळत राहतं. जंतूला तेवढं पुरतं. याच पेनिसिलिनच्या सुरुवातीच्या काळात साधं पाण्यात विरघळणारं इंजेक्शन दर तीन-चार तासांनी, रात्री झोपेतून उठवून द्यावं लागायचं, कारण त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाचं. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच औषधासाठी. रेणू तोच. फक्त सुटण्याचा वेग बदलला, आणि तीन तासांचे तीन आठवडे झाले.

म्हणजे किती वेळा घ्यायचं हे दोन गोष्टींनी ठरतं. औषध कोणत्या कुळाचं आहे त्यावरून जंतूला कशाशी मतलब ते कळतं. अर्धायुष्यावरून ते साधायला दिवसातून किती वेळा द्यावं लागेल ते कळतं. सेफ्ट्रायॅक्सोन अमॉक्सिसिलिनचंच चुलत भावंड, त्यालाही वेळच हवा. पण त्याचं अर्धायुष्य आठेक तासांचं, म्हणून ते दिवसातून एकदा देऊन भागतं. एकदा दिलं म्हणून ते बाबांच्या अमिकासिनच्या जातीचं होत नाही.

आता बाबांकडे वळू. अमिकासिन, जेंटामायसिन ही मंडळी अगदी उलट स्वभावाची. ती जंतूच्या आत शिरतात आणि प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला चुकीचं वाचायला लावतात. वेडीवाकडी प्रथिनं जंतूच्या पडद्यात जाऊन बसतात, पडदा गळका होतो, त्यातून आणखी औषध आत घुसतं. त्यामुळे बाहेर जितकं जास्त तितकं झपाट्याने आत, आणि तितकी मोठी कत्तल. इथे चार पटीवर गाडी अडत नाही. १९८७ मध्ये जुन्या चाचण्यांमधल्या रुग्णांची आकडेवारी एकत्र करून दिसलं, की शिखर एमआयसीच्या आठ-दहा पट गेलं तर गुण येण्याची शक्यता सगळ्यात चांगली.

बाबांचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, पन्नास किलो धरते. किलोला पंधरा मिलिग्रॅम म्हणजे साडेसातशे. शंभर मिली सलाइनमध्ये घालून अर्ध्या तासात दिलं की शिखर लिटरला पंचावन्न मिलिग्रॅमच्या आसपास जातं. जंतूची एमआयसी चार असेल तर जवळजवळ चौदा पट. हेच साडेसातशे अडीचशे-अडीचशे करून तीनदा दिलं असतं तर शिखर अठरा-वीस, म्हणजे जेमतेम पाच पट. औषध तेवढंच, पण मार बोथट.

पण मग उरलेला दिवस? अमिकासिनचं अर्धायुष्य दोन-अडीच तासांचं. नऊ-दहा तासांनी ते एमआयसीच्या खाली जातं आणि पुढचे चौदा तास जवळपास नसतंच. आईंच्या बाबतीत हेच चुकीचं, मग इथे कसं चाललं? एकतर पहिल्या माऱ्यातच जंतूंची संख्या इतकी पडते की उरतात ते थोडके. दुसरं म्हणजे जे वाचतात त्यांची प्रथिनांची यंत्रणा इतकी खिळखिळी झालेली असते, की औषध गेल्यावरही काही तास ते पुन्हा वाढू शकत नाहीत. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटते. पहिला डोस बसला की वाचलेले जंतू दार लावून घेतात: औषध आत ओढून घेणारी यंत्रणाच काही तासांपुरती मंद करतात. त्या काळात दुसरा डोस दिला तर तो बंद दारावर आपटतो, आणि दार बंदच राहतं. औषध पूर्ण ओसरून बराच वेळ गेला की यंत्रणा पूर्ववत होते, आणि दुसऱ्या दिवशीचा डोस पुन्हा उघड्या दारातून आत शिरतो. इथे रिकामा वेळ ही चूक नसून उपचाराचाच भाग आहे.

त्याच रिकाम्या वेळाची गरज बाबांच्या मूत्रपिंडांनाही असते. अमिकासिन मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींमध्ये साठून त्यांना इजा करतं, हे तुम्हाला सांगितलं असेलच. त्या पेशी औषध उचलतात ते ठरावीक वेगाने. रेशनच्या दुकानात रांग कितीही लांब असली तरी खिडकीतून धान्य त्याच गतीने मिळतं, तसं. पातळी पंचावन्न झाली म्हणून पेशी तितक्या पटीने जास्त उचलत नाहीत. पण पातळी दिवसभर दोन-तीनवर रेंगाळली तर खिडकी दिवसभर उघडी राहते. एकदाच दिलेलं अमिकासिन चौदा-पंधरा तासांनी एकच्या खाली जातं, आणि पेशींना नऊएक तास विश्रांती मिळते. तीन तुकड्यांत दिलं तर ते दोनच्या खाली जातच नाही. म्हणजे या औषधाच्या बाबतीत जंतू उंची मोजतो आणि मूत्रपिंड वेळ मोजतं. असा दोन्हीकडून फायद्याचा योग औषधशास्त्रात क्वचित येतो.

मी शिकत होते तेव्हा हे वॉर्डात पोचलं नव्हतं. जेंटामायसिनची ऐंशी मिलिग्रॅमची अँप्यूल, सहा-दोन-दहा, सगळ्यांना सरसकट. पन्नास किलोच्या बाईला ऐंशी आणि नव्वद किलोच्या पैलवानालाही ऐंशी. पेनिसिलिनला शोभणारं वेळापत्रक आम्ही जेंटामायसिनला लावत होतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढणारा आकडा, वर गेला की औषधाला दोष देत होतो. डोसच्या वेळा सिस्टरच्या पाळ्यांवर बेतलेल्या होत्या, आणि त्याबद्दल प्रश्न विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. तुम्ही विचारलंत.

याच हिशेबातून वयस्कर माणसांचा एक नियम निघतो. मूत्रपिंडं मंदावली की अमिकासिनचं अर्धायुष्य पाच तास होऊ शकतं. मग तेच पंचावन्न एकच्या खाली यायला चौदा-पंधरा नाही, एकोणतीस तास लागतात. अशा वेळी डोस निम्मा केला तर शिखर हातचं जातं. म्हणून जाणते डॉक्टर डोस फारसा न कमी करता मधलं अंतर वाढवतात, छत्तीस तास, अठ्ठेचाळीस तास. बाबांना कधी एक दिवस सोडून इंजेक्शन दिलं असेल तर तो हलगर्जीपणा नव्हता.

एक मधलंच: रिपोर्टवरच्या एमआयसीच्या आकड्यांची आपसात तुलना करू नका. बाबांच्या रिपोर्टवर समजा अमिकासिनसमोर चार आहे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर एक. एक चारपेक्षा लहान, म्हणजे सिप्रो भारी, असं वाटतं. प्रत्यक्षात त्या रिपोर्टवर अमिकासिनपुढे "एस", म्हणजे लागू पडेल, आणि सिप्रोपुढे "आर", म्हणजे लागू पडणार नाही, असं छापलेलं असेल. अमिकासिन रक्तात पंचावन्नपर्यंत चढतं, सिप्रोची गोळी दोन-तीनपर्यंत. प्रत्येक आकडा त्या त्या औषधाच्या पोचेशी ताडून मगच ते अक्षर छापलेलं असतं. अक्षर वाचा, आकडा डॉक्टरांसाठी सोडा.

तुमच्या मनात येईल, की मग आईंनाही अमिकासिनच का नाही, एकदाच घेऊन मोकळं? अमिकासिन जंतूच्या आत शिरायला प्राणवायू लागतो, आणि दाढेच्या गळूत तो नसतो. तिथले बरेच जंतू प्राणवायूशिवायच जगणारे. त्यातून पू आम्लधर्मी, त्यात हे औषध आणखी लुळं पडतं. खरं तर पुवात अमॉक्सिसिलिनही रक्ताइतकं पोचत नाही. डेंटिस्टनी गळू फोडून निचरा केला असेल किंवा रूट कॅनॉल उघडलं असेल तर ते खरं औषध, कॅप्सूल त्याची मदतनीस. फक्त कॅप्सूल देऊन पाठवलं असेल तर या आठवड्यातच पुन्हा दाखवा.

आता आईंची दुपार. केमिस्टने पाकिटावर १-१-१ लिहिलं असेल, ते लोक न्याहारी-जेवण-जेवण असं वाचतात आणि आठ, एक, नऊ असं घेतात. त्यात रात्रीची फट अकरा तासांची होते. तुम्ही सहा-दोन-दहा करा. पोळीभाजी केंद्रात जाणारी बाई सहाला उठलेली असतेच. अमॉक्सिसिलिन जेवणाआधी, नंतर, मध्ये, कसंही चालतं, त्यामुळे दुपारी दोनला जेवण होवो न होवो, एक कॅप्सूल पाण्याबरोबर घेता येईल. पर्समध्ये एकच कॅप्सूल पट्टीतून कापून द्या, पूर्ण पट्टी नको. संध्याकाळी पर्स उघडली की राहिली की घेतली ते लगेच कळेल. आणि पर्स शेगडीपासून लांब ठेवायला सांगा.

दोनची चुकली आणि पाचला आठवली तर पाचला घ्यायची आणि रात्रीची अकरा-साडेअकरापर्यंत पुढे न्यायची. थेट रात्री नऊला आठवली तर ती सोडून द्यायची, दहाची एकच घ्यायची. भरपाई म्हणून दोन कधीच नाही. त्याचं कारण आता तुम्हीच आईंना सांगू शकाल.

आणि दुपारचं जमणारच नसेल तर डेंटिस्टना तसं सरळ सांगा. अमॉक्सिसिलिन ८७५ आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल १२५ अशी एक ग्रॅमची गोळी मिळते, ती बारा-बारा तासांनी दोनदा द्यायची पद्धत आहे. तुम्ही म्हणाल, मग आईचं काय चुकलं होतं? त्यात डोस दोन्ही वेळा मोठा असतो, अंतर नेमकं सारखं असतं, आणि जंतू सोपा आहे या अंदाजावर डॉक्टर ती जोखीम विचार करून घेतात. तरीही वेळेचा हिशेब चाळिशीच्या पुढे जेमतेमच पोचतो. शिवाय क्लॅव्हुलॅनिक आम्लामुळे जुलाब जास्त होतात, ती गोळी जेवणाबरोबरच घ्यावी. निर्णय डेंटिस्टचा. घरी दोन कॅप्सूल एकत्र करून ती गोळी होत नाही.

आईंची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली उतरायला लागली, तोंड उघडेनासं झालं, गिळताना त्रास होऊ लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर वेळापत्रक विसरा आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

बाबांसाठी दोन गोष्टी. डिस्चार्जनंतर क्रिएटिनिन तपासलं नसेल तर एकदा तपासून घ्या. अमिकासिनचा त्रास कधी कधी इंजेक्शनं संपल्यावर दिसतो. आणि त्यांच्या कानाकडे लक्ष ठेवा. अमिकासिनने बिघडलं तर आधी बारीक, उंच आवाज जातात, बोलणं बरेच दिवस नीट ऐकू येतं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. मोबाइलची बारीक रिंग वाजून गेली आणि त्यांनी मान वर केली नाही, कानात सतत शिट्टी वाजते म्हणाले किंवा अंधारात चालताना तोल जाऊ लागला, तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना डिस्चार्ज कार्डावर अमिकासिन किती दिवस दिलं ते लिहिलेलं पान सोबत ठेवा.